वहीत बेरीज आणि मोजणी ठेवा

नमस्कार श्रोतेहो. सोलापुरात पार्क मैदानावर किंवा शाळेच्या मैदानात मुलांच्या धावा लिहून ठेवणाऱ्यांशी आज मला मुख्यतः बोलायचं आहे. सामना संपला की मुलं विचारतात, "सर, माझं ॲव्हरेज किती झालं?" तेव्हा सगळे जुने डाव पुन्हा मिळवत बसायची गरज नसते.

उदाहरण पॉली उम्रीगर यांचं घेऊ. त्यांचं बालपण आपल्या सोलापुरातच गेलं. कसोटीत त्यांच्या धावा 3631, आणि ते बाद झाले 86 वेळा. भागाकार केला की येतात 42.22. आता कल्पना करा, ते आणखी एक डाव खेळले आणि 47 वर बाद झाले. बेरीज झाली 3678, मोजणी 87. भागून पाहा, सरासरी 42.28. एक बेरीज, एक भागाकार, संपलं काम.

पुष्कळजण इथे 42.22 आणि 47 मिळवून दोनाने भागतात. उत्तर येतं 44.61. हे साफ चूक आहे, कारण त्यात एकट्या नव्या डावाला मागच्या सगळ्या डावांइतकं वजन मिळतं. पडताळा असा घ्या: 47 हे जुन्या सरासरीपेक्षा 4.78 ने जास्त आहेत. तो जादा भाग 87 जणांत वाटला, तर प्रत्येकाला जेमतेम 0.05 येतो. म्हणजे सरासरी तेवढीच हलायला हवी. मोजणी जितकी मोठी, तितकी सरासरी जागची कमी हलते.

आणि तोच डाव नाबाद असेल तर? धावा बेरजेत जातात, पण मोजणी 86 च राहते, आणि सरासरी 42.77 होते. फलंदाजीची मोजणी डावांची नसते, बाद होण्याची असते, म्हणून डावाशेजारी 'नाबाद' लिहायला विसरू नका. एकदाही बाद न झालेल्या मुलाला सरासरीच नसते. तिथे रेघ मारा, शून्य लिहू नका.

बेरीज न ठेवता नुसती सरासरी ठेवली तर काय बिघडतं? वहीत फक्त 42 लिहिलं असेल, तर 86 ने गुणून 3612 येतात. 19 धावा गायब! 42.22 लिहिलं तरी 3630.92 येतात, आणि अपूर्णांकात धाव कुणी काढत नाही. बेरीज पूर्णांकात आली नाही, की समजा कुणीतरी सरासरीवरून मागे गेलं आहे. खेळाडूला सांगताना आकडा खुशाल जवळच्या दशांशात सांगा, पण पुढचा हिशोब त्यावरून करू नका.

मागाहून कळलं की 47 नव्हे, 41 होते, तर बेरजेतून 6 वजा करा. मोजणीला हात लावू नका. पण 'गेल्या दहा डावांची सरासरी' कुणी मागितली, तर हे दोन आकडे पुरत नाहीत. दर नव्या डावाला सर्वांत जुना डाव बेरजेतून काढावा लागतो, आणि त्यासाठी दहाही डाव वेगवेगळे लिहिलेले असायला हवेत.