एका घराची यादी: क्षयरुग्णाच्या सहवासितांच्या नोंदी कशा लावाव्यात

(जळगाव जिल्ह्यातील आशाताई आणि आरोग्यसेवकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित लेखन)

आज मी एकाच घराच्या नोंदी घेऊन आलो आहे. घर केळीपट्ट्यातल्या एका गावातले आहे. घरातल्या कर्त्या पुरुषाच्या थुंकीत क्षयरोगाचे जंतू आढळले आणि 10 डिसेंबरला त्याचा उपचार सुरू झाला. त्यानंतर झालेल्या गृहभेटीची वहीत एवढीच नोंद होती: “घरातील 4 जणांची तपासणी केली, लक्षणे नाहीत, आजीला जुना खोकला, टोचणी दिली, गोळ्यांबाबत सांगितले.” नोंद प्रामाणिक आहे; पण कोणाचे काय व्हायचे राहिले आहे, हे तिच्यावरून सांगता येत नाही.

म्हणून पहिले काम असे की, प्रत्येक माणसाला स्वतंत्र ओळ द्यायची. ओळी मोजताना आज ओट्यावर कोण बसले आहे, हे विचारून भागत नाही. उपचार सुरू होण्याआधीच्या तीन महिन्यांत रुग्णासोबत एकाच छपराखाली कोण झोपले, हे विचारावे लागते. या घरात तो प्रश्न विचारल्यावर पाचवे नाव निघाले. मोठा मुलगा दिवाळी करून सुरतला कामाला गेला होता. भेटीच्या दिवशी तो घरी नव्हता, म्हणून वहीत नव्हता. मात्र 10 सप्टेंबरपासून दिवाळीपर्यंत तो बापाच्या खोलीतच झोपत होता. आपल्या भागात हंगामी स्थलांतर इतके आहे की, ही चूक मला घरोघरी दिसते.

ओळीत क्रमाने लक्षणे, छातीचा एक्स-रे, थुंकीची तपासणी, संसर्गाची चाचणी आणि शेवटी प्रतिबंधात्मक उपचाराची स्थिती लिहावी. कोणताही रकाना मोकळा सोडू नये, कारण मोकळ्या रकान्याचा अर्थ वाचणारा आपल्या सोयीने लावतो. “केली नाही”, “केली, निकाल यायचा आहे” आणि “निकाल सामान्य” या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वहीतली “टोचणी दिली” ही नोंद सुनेची होती. संसर्ग ओळखण्याची ही त्वचाचाचणी 48 ते 72 तासांत वाचावी लागते. टोचणी गुरुवारी दुपारी दिली होती. म्हणजे ती शनिवार दुपार ते रविवार दुपार या वेळेत वाचायला हवी होती, आणि त्या वेळेत कोणीही गेले नाही. सोमवारी संध्याकाळी हातावर काही दिसत नव्हते, म्हणून तिला “निगेटिव्ह” म्हणता येत नाही. त्या रकान्यात “वाचन चुकले, पुन्हा करायची” असेच लिहावे. वाचन झाले असेल, तर फुगवटा किती मिलिमीटर होता तो आकडा लिहावा. सून गरोदर होती, हेही तिच्या ओळीत हवे. कारण आठवड्यातून एकदा घ्यायच्या 12 मात्रांचा उपचार गरोदरपणात देत नाहीत, आणि तिच्यासाठी काय करायचे ते डॉक्टरांनाच ठरवावे लागते.

तीन वर्षांच्या नातवाची ओळ सर्वांत आधी पुढे सरकायला हवी. पाच वर्षांखालील बालकाला क्षयरोग नाही याची डॉक्टरांनी खात्री केली, की प्रतिबंधात्मक उपचार सुरू करता येतो; संसर्गाच्या चाचणीसाठी थांबावे लागत नाही. त्याच्या ओळीत वजन हवेच, कारण मात्रा वजनावर ठरते आणि वाढ खुंटणे हेच लहान मुलातले एक लक्षण असते.

रुग्णाच्या पत्नीचा एक्स-रे स्वच्छ होता आणि संसर्ग चाचणी पॉझिटिव्ह होती. तिचे 12 साप्ताहिक मात्रांचे औषध सुरू झाले. अशा ओळीत नुसते “सुरू” लिहून पुरत नाही. “12 पैकी 4, पुढची मात्रा मंगळवारी” असे लिहिले, तरच चुकलेली मात्रा त्याच आठवड्यात कळते. औषध मध्येच थांबले, तर कारण लिहावे: उलट्या, डोळे पिवळे होणे, गावाला जाणे की नकार. प्रत्येक कारणावर पुढे करायचे काम वेगळे असते.

आता आजीकडे येऊ. “हाऊ खोकला जुना शे,” असे घरचे म्हणाले आणि तेच वहीत उतरले. रुग्णाच्या घरात खोकला हा खोकला म्हणूनच नोंदवावा. जुना की नवा, हे तपासणी ठरवेल. एक लक्षण असले, तरी एक्स-रे आणि थुंकीची ट्रूनॅट किंवा सीबीनॅट तपासणी होईपर्यंत स्थितीच्या रकान्यात “निर्णय बाकी” एवढेच राहते. मी याबाबत हट्टी आहे. आत रोग असलेल्या माणसाला प्रतिबंधाच्या एक-दोन औषधांवर ठेवले, तर रोग बरा होत नाही आणि जंतू त्या औषधांना दाद देईनासे होऊ शकतात.

आजीच्या थुंकीत जंतू निघाले. तिच्या ओळीत आम्ही “प्रतिबंधात्मक उपचार लागू नाही, क्षयरोगाचे निदान, उपचार सुरू” असे लिहिले आणि तारीख घातली. नातवाच्या ओळीत सहवासाचा दुसरा स्रोत म्हणून तिची नोंद केली. सुरतच्या मुलाचा फोन नंबर आणि तिथल्या आरोग्य केंद्राला कळवल्याची तारीख त्याच्या ओळीत गेली. मग आजीच्या नावाने नवे पान उघडले, कारण रोज दुपारी तिच्या खोलीत पापड लाटायला बसणाऱ्या दोन शेजारणी या घराच्या यादीत कधीच आल्या नव्हत्या.