‘अपवित्र’ हा शब्द फळ्यावर लिहू नका

नमस्कार. धर्माचं मानवशास्त्र पहिल्या वर्षाला शिकवताना आपण बहुतेक जण एमील दुर्खिमपासून सुरुवात करतो. १९१२ साली त्याने धर्माची जी व्याख्या केली, तिला देव लागत नाही. समाज काही गोष्टी वेगळ्या काढतो, त्यांना निषेधांचं कुंपण घालतो. त्या झाल्या पवित्र. बाकीच्या सगळ्या लौकिक. नवख्या विद्यार्थ्याला ही विभागणी लगेच पेलते. पण पहिल्या दहा मिनिटांतच एक चूक घडते. आपण फळ्यावर ‘पवित्र’ लिहितो आणि त्यासमोर ‘अपवित्र’.

मराठीत अपवित्र म्हणजे विटाळलेलं. दुर्खिमला तसं म्हणायचंच नाही. त्याचा दुसरा शब्द साध्या, रोजच्या गोष्टींसाठी आहे. उलट, ज्याला हात लावायची भीती वाटते असं प्रेत किंवा रक्त तो पवित्राच्याच बाजूला ठेवतो, कारण त्याभोवतीही निषेध असतात. पवित्राची शुभ आणि अशुभ अशी दोन्ही रूपं तो मानतो. तेव्हा फळ्यावर ‘लौकिक’ लिहा. नाहीतर विद्यार्थी वर्षभर चांगलं-वाईट अशीच वाटणी करत बसतात.

व्याख्या सांगण्याआधी एक उदाहरण द्या. मध्य ऑस्ट्रेलियातल्या अरुंटा लोकांचे, ज्यांना आज अरेन्टे म्हणतात, चुरिंगा. स्पेन्सर आणि गिलेन यांनी १८९९ साली त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. दुर्खिम स्वतः ऑस्ट्रेलियाला कधी गेला नाही, त्याने हेच वर्णन वापरलं. चुरिंगा म्हणजे लाकडाचा किंवा दगडाचा तुकडा. स्त्रियांनी आणि दीक्षा न झालेल्यांनी त्याला हात लावायचा नाही. तो ज्या गुप्त जागी ठेवतात, तिच्या आसपास भांडण चालत नाही; जखमी जनावर तिथे पळून आलं तर त्याला मारत नाहीत. आता वर्गाला विचारा: या तुकड्यात आणि शेजारच्या दुसऱ्या तुकड्यात फरक कोणता? दुर्खिमचं उत्तर आहे, फक्त त्यावर कोरलेली कुळाची खूण. पावित्र्य लाकडात नाही, ते समूहाने त्यावर ठेवलेलं आहे. इथे एक पथ्य पाळा, चुरिंगाचं छायाचित्र दाखवू नका. ज्यांनी ते पाहू नये असा नियम आहे, त्यांना ते पडद्यावर दाखवायचं आणि त्याच नियमावर व्याख्यान द्यायचं, हे बरोबर नाही. बऱ्याच संग्रहालयांनीही ते मांडणीतून काढले आहेत.

यानंतर चार-चारचे गट करा, वीस मिनिटं द्या. प्रत्येक गटाने एक वस्तू निवडायची. ‘ही पवित्र आहे का?’ असं मुळीच विचारू नका. त्यावर फक्त मतं मिळतात. तीन प्रश्न द्या: हिला कोण हात लावू शकत नाही? हात लावण्याआधी काय करावं लागतं? नियम मोडला तर कोण अस्वस्थ होतं?

इथे हमखास एक घोटाळा होतो. कुणीतरी तिजोरीतला दागिना निवडतो. निषेध आहे, कुंपण आहे, मग पवित्रच की! अशा वेळी मालकाकडे बोट दाखवा. दागिन्याचा नियम चोरासाठी आहे. मालक तो वितळवू शकतो, विकू शकतो, कुणाला धक्का बसत नाही. राष्ट्रध्वज पैसे देऊन विकत घेतला तरी तो पायपुसण्यासारखा वापरता येत नाही. नियम मालकालाही बांधतो, आणि तो मोडल्यावर त्या कापडाशी काही देणंघेणं नसलेले लोकही चिडतात. ही कसोटी विद्यार्थ्यांना आयती देऊ नका. दागिना आणि ध्वज शेजारी ठेवले की ती त्यांच्याच तोंडून येते.

दुसऱ्या तासाला ही विभागणी मोडून दाखवा. हे टाळलं तर मुलं जगाचे दोन कप्पे पाडून मोकळी होतात, आणि माझ्या मते तेच या धड्याचं सर्वांत मोठं नुकसान आहे. मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्डने मध्य आफ्रिकेतल्या आझांदे लोकांचं उदाहरण दिलं आहे. अंगणात पूर्वजांचं स्थान असतं, विधीच्या वेळी तिथे नैवेद्य ठेवतात. एरवी तेच लोक त्याला खुशाल भाले टेकवून ठेवतात, नाहीतर त्याकडे बघतही नाहीत. दुर्खिमच्या मते पवित्र आणि लौकिक यांच्यामध्ये पक्की भिंत असते. इथे भिंत कुठे आहे? विद्यार्थी आधी म्हणतील, ‘त्यांची श्रद्धा कमी असेल.’ त्यांना थांबवा. ‘भाला कधी टेकवला?’ असं विचारा. विधी चालू असताना नव्हे.

व्हान गेनेपने १९०९ मध्येच म्हटलं होतं की पावित्र्य हा वस्तूचा कायमचा गुण नाही, प्रसंगानुसार ते फिरतं. आता त्याच गटांना त्यांचे जुने कागद परत द्या आणि तीन प्रश्नांखाली चौथा लिहायला सांगा: केव्हा? बहुतेक गटांना आधीची उत्तरं खोडून पुन्हा लिहावी लागतात. खोडलेला मजकूर फेकू देऊ नका, गुण देताना दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून वाचा.