वेलांटी चुकली आणि प्रोजेक्ट फाइल गेली

परवा माझ्याकडे एक मुलाखत आली. बाई टेबलामागे बसून बोलताहेत, कॅमेरा ट्रायपॉडवर आहे आणि खाली पांढऱ्या अक्षरांत नावाखाली लिहिलंय ‘वरिष्ठ संशोधीका’. धि ऱ्हस्व हवा, झालाय दीर्घ. प्रोजेक्ट ज्या हार्ड डिस्कवर होता ती बंद पडलेली, हातात फक्त एमपी४, म्हणजे अक्षरं चित्रातच पक्की बसलेली.

अशा वेळी पहिला मोह होतो तो ‘वरिष्ठ’मधल्या ‘रि’ची वेलांटी उचलून ‘ध’वर लावण्याचा. मीही करून पाहिलं. र अरुंद, ध रुंद; वरची कमान दांड्यापर्यंत पोचलीच नाही. शिवाय ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते, म्हणजे ध उजवीकडे सरकणार. तेव्हा अख्खी ओळ पुसून नव्याने लिहायची, हेच बरं.

पुसायची म्हणजे मागचं टेबल परत आणायचं. ते कुठून मिळणार? त्याच शॉटमधून! अक्षरं बारा सेकंद दिसतात, ती गेल्यावर तोच शॉट रिकामा चालू राहतो. त्यातले बारा-तेरा सेकंद उचलायचे, वरच्या ट्रॅकवर ठेवायचे आणि मास्क लावून फक्त त्या ओळीएवढा तुकडा उघडा ठेवायचा. मास्क अक्षरांच्या सावलीलाही पुरेल एवढा हवा, नाहीतर नव्या ओळीखाली जुन्या ओळीचं भूत दिसतं. कडा आठ-दहा पिक्सेल मऊ करायच्या.

इथे बहुतेक जण एकच फ्रेम गोठवून डकवतात. थांबवून पाहिलं तर काम चोख वाटतं, पण चालवलं की सगळ्या चित्रावर बारीक दाणे वळवळतात आणि तेवढा चौकोन मेल्यासारखा पडून राहतो. म्हणून तुकडा चालताच हवा. कॅमेऱ्याने मध्येच उजेड बदलला असेल तर तुकड्याचा ब्राइटनेस किंचित जुळवायचा. खात्री करायची तर सगळ्या चित्राचा कॉन्ट्रास्ट तात्पुरता खूप वाढवा. चौकोन असेल तर लगेच उठून दिसेल.

जुनी अक्षरं हळूहळू उमटत होती, तरी तुकडा फेड करायचा नाही. तो पहिली पुसट फ्रेम यायच्या आधीपासून पूर्ण अपारदर्शक असावा. फेड फक्त नव्या अक्षरांना द्यायचा. फॉन्ट ओळखता आला नाही तर नावाची ओळही नव्याने लिहा, कारण दोन ओळींत दोन फॉन्ट लगेच खटकतात. एक्स्पोर्टचा बिटरेट मूळ फाइलपेक्षा जास्त ठेवा, कारण चित्र दुसऱ्यांदा दाबलं जातंय. आवाज मात्र जसाच्या तसा घ्या.

माझ्या क्लिपमध्ये नवव्या सेकंदाला बाईंचा हात अक्षरांमागून गेला. तिथे रिकामा तुकडा ठेवला असता तर बोटंच गायब झाली असती. मग मी हट्ट सोडला आणि दोन्ही ओळी झाकणारी गडद भरीव पट्टी टाकून त्यावर लिहिलं. हातापुढून पट्टी जाते, यात कुणाला काही वावगं वाटत नाही.