पपनसाचे मार्मलेड: कडूपणा आणि घट्टपणा

श्रोतेहो, नमस्कार.

गणपतीच्या माटवीला बांधलेली पपनसे विसर्जनानंतर घरोघरी उतरवली जातात. आतल्या फोडी मुलांना मिळतात आणि बोटभर जाडीची साल गुरांपुढे किंवा माडाच्या आळ्यात जाते. ही साल फेकण्याजोगी नाही. तिच्या बारीक काड्या साखरेच्या आंबटगोड, पारदर्शक आटवलेल्या रसात घालून केलेला मुरंबा म्हणजे मार्मलेड. तो घट्ट व्हावा म्हणून बाजारातली पेक्टिनची पूड लागत नाही, कारण पेक्टिन सालीच्या पांढऱ्या गरातच भरपूर असते. अडचण अशी की पपनसाचा कडूपणाही त्याच पांढऱ्या गरात असतो. गर ठेवला तर मार्मलेड कडू होते आणि काढून टाकला तर ते पातळ राहते. कडूपणा घालवायचा आणि पेक्टिन मात्र राखायचे, हे कसे जमवायचे, त्याविषयी आज बोलू.

पपनसाच्या सालीचा कडूपणा मुख्यतः नारिंजिन नावाच्या द्रव्याचा असतो. हे द्रव्य थंड पाण्यात बेताचेच विरघळते, पण उकळत्या पाण्यात चटकन उतरते. पेक्टिनची रीत वेगळी आहे. कच्च्या सालीत ते पेशींच्या भिंतींना घट्ट धरून असते आणि आंबट पाण्यात बराच वेळ शिजवल्यावरच मोकळे होते. म्हणून साध्या पाण्याची छोटी उकळी आधी द्यावी आणि ते पाणी ओतून टाकावे, म्हणजे कडूपणा जातो आणि पेक्टिन बहुतांशी सालीतच राहते. लिंबाचा रस घालून सावकाश शिजवणे हे त्यानंतरचे काम आहे. पहिल्याच पाण्यात लिंबू पिळले, तर ओतून दिलेल्या पाण्याबरोबर पेक्टिनही वाहून जाते.

प्रमाण लिहून घ्यायचे असेल, तर एका मोठ्या पपनसाच्या सालीतून पाव किलो काड्या काढाव्यात. हिरवट पिवळ्या सालीखाली सुमारे तीन-चार मिलिमीटर पांढरा गर राहू द्यावा, बाकीचा सोलून बारीक चिरून मलमलच्या पुरचुंडीत बांधावा. काड्या आगपेटीतल्या काडीएवढ्या बारीक असाव्यात, कारण जाड तुकड्याच्या मध्यभागी कडूपणा अडकून बसतो. याशिवाय पापुद्रे आणि बिया काढून घेतलेला पपनसाचा गर तीनशे ग्रॅम, दहा-बारा कागदी लिंबांचा दीडशे मिलिलिटर रस, एक लिटर पाणी आणि एक किलो साखर लागते. लिंबाच्या बिया फेकू नयेत. वाटीभर पाण्यात त्या रात्रभर भिजत ठेवल्या, की सकाळी ते पाणी सब्जा भिजवल्यासारखे बुळबुळीत झालेले दिसते. हा बुळबुळीतपणा पेक्टिनचाच आहे. पाणी गाळून घ्यावे आणि बिया टाकून द्याव्यात. चिरडलेल्या किंवा शिजवलेल्या बियांतून लिमोनिन नावाचे दुसरे कडू द्रव्य उतरते आणि त्याची चव लगेच न कळता काही वेळाने मागाहून येते. पपनसाचे पापुद्रे आणि बिया शिजवायच्या नाहीत, त्यांचेही कारण हेच.

काड्या आणि पुरचुंडी भरपूर पाण्यात दहा मिनिटे उकळावीत, पाणी ओतून टाकावे आणि ताजे पाणी घेऊन पुन्हा उकळावे. दर वेळी एक काडी चावून पाहावी. जिभेला अजून कडू लागली, तरी काळजी नको, कारण पुढे साखर आणि आंबट चव तिला झाकते. जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळणारी कडू चव गेली, की थांबावे. पपनसाला बहुधा दोन पाणी पुरतात, फार कडू असेल तर तीन. त्याहून अधिक उकळ्या दिल्या, तर सालीचा सुवासही पाण्यात जातो आणि उरते ती नुसती गोड साल. मार्मलेडला थोडी कडवट चव हवीच, माझे मत तरी असेच आहे.

यानंतर काड्या, पुरचुंडी, पपनसाचा गर, लिंबाचा रस, बियांचे पाणी आणि एक लिटर पाणी जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात मंद आंचेवर ठेवावे. पितळेचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे भांडे आंबट पदार्थाला चालत नाही. साधारण दीड तासाने काडी दोन बोटांच्या चिमटीत सहज चिरडली गेली पाहिजे. ती तशी मऊ होईपर्यंत साखर घालू नये, कारण साखर पडल्यावर साल मऊ होत नाही, उलट चिवट होते. पुरचुंडी थोडी निवली, की तिच्यातला चिकट रस पिळून पातेल्यात घ्यावा. मगच साखर घालून मंद आंचेवर पूर्ण विरघळवावी आणि आंच मोठी करावी.

आता प्रश्न उरतो तो पातेले कधी उतरवायचे याचा. आपल्याकडे साखरांब्याची तार पाहण्याची सवय हाताला असते, पण इथे तिच्यावर विसंबू नये. तार साखरेचा दाटपणा सांगते. पेक्टिनने पकड घेतली की नाही, हे ती सांगत नाही. त्यासाठी स्टीलच्या दोन-तीन ताटल्या फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. उकळीचा मोठा फेस बसून लहान, जड, चकचकीत बुडबुडे येऊ लागले, की आंच बंद करावी आणि गार ताटलीवर एक चमचा रस टाकावा. मिनिटभराने बोटाने हलकेच पुढे ढकलला असता वरच्या साईला सुरकुत्या पडल्या, तर मार्मलेड झाले. नुसता ओघळला, तर पातेले चार-पाच मिनिटे पुन्हा उकळवावे. परीक्षा चालू असताना आंच बंद ठेवणे महत्त्वाचे, कारण त्या अवधीतही रस आटतच असतो.

थर्मामीटर असेल, तर आपल्या किनारपट्टीवर १०४ ते १०५ अंश सेल्सिअसची खूण धरावी. हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आतच उकळते, तेव्हा तिथे साध्या पाण्याच्या उकळीपेक्षा साडेचार अंश वर, असे मोजावे. वजनाचा आडाखाही चांगला आहे. एक किलो साखरेचे मार्मलेड साधारण १ किलो ६५० ग्रॅम भरते. रिकाम्या पातेल्याचे वजन आधी करून ठेवले, तर आटणे किती बाकी आहे ते काट्यावर कळते. मात्र वजन आणि तापमान जुळूनही सुरकुत्या पडल्या नाहीत, तर साखरेत चूक नाही. पेक्टिन किंवा आंबटपणा कमी पडलेला आहे. अशा वेळी आटवत राहिल्याने पेक्टिन तुटते आणि हाती चिकट, तपकिरी पाक येतो. त्याऐवजी मूठभर चिरलेला पांढरा गर एक पाणी काढून, दोन लिंबांच्या रसात आणि पेलाभर पाण्यात अर्धा तास शिजवावा, तो रस गाळून पातेल्यात घालावा आणि परीक्षा पुन्हा सुरू करावी.

पातेले उतरवल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबून मगच बरण्या भराव्यात. लगेच भरल्या, तर काड्या वर तरंगतात आणि खाली नुसता रस राहतो. बरण्या गरम आणि पूर्ण कोरड्या असाव्यात, झाकण गरम असतानाच लावावे, आणि बरणी दुसऱ्या दिवसापर्यंत हलवू नये, कारण पूर्ण घट्टपणा यायला एवढा वेळ लागतो. भाद्रपदातली हवा आपल्याकडे दमट असते, तेव्हा उघडलेली बरणी फ्रीजमध्येच ठेवावी आणि आत ओला चमचा घालू नये.