मागील पानावरून पुढे

आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या कॅम्पेनचं चौदावं सेशन रात्री साडेअकराला थांबलं, तेव्हा पार्टी मिठाच्या एका गोदामाच्या तळघरात होती. वरच्या दाराशी पावलं वाजत होती. "पुढच्या शनिवारी इथूनच," असं म्हणून उठलो. मग एकाची परीक्षा, दुसऱ्याच्या घरी लग्न, आणि तो शनिवार उगवला सात आठवड्यांनी. जादूगार खेळणारी आमची मैत्रीण बसल्या बसल्या म्हणाली, "मी फायरबॉल टाकते." मी म्हटलं, टाक. आठ फासे खुळखुळले, चार गुंड जागच्या जागी भाजले. वीस मिनिटांनी कुणाच्या तरी लक्षात आलं की फायरबॉलला लागणारे तिचे तिसऱ्या पातळीचे दोन्ही स्पेल स्लॉट मागच्या सेशनलाच संपले होते. आमचे सात आठवडे गेले होते, तळघरातल्यांचा एक श्वाससुद्धा गेला नव्हता.

गंमत म्हणजे माझ्याकडे नोंदी होत्या. चौदा सेशनच्या, वहीभर. कोण कुठे गेलं, कोण काय म्हणालं, सगळं. पण "आत्ता हिच्याकडे किती स्लॉट उरलेत?" या प्रश्नाचं उत्तर त्या वहीत एका जागी नव्हतं. ते काढायचं तर मागची चार पानं वाचून वजाबाकी करावी लागली असती.

ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांना हे लगेच कळेल. रोजकीर्द वेगळी, खतावणी वेगळी. रोजकीर्दीत व्यवहार घडले त्या क्रमाने लिहितात. खतावणीत प्रत्येकाचं खातं वेगळं असतं आणि खाली शिल्लक दिसते. आपण डीएम, म्हणजे खेळ चालवणारी मंडळी, हौसेने रोजकीर्द लिहितो आणि खेळाच्या दिवशी त्यातून शिल्लक शोधत बसतो. स्टेट शीट म्हणजे खतावणी. एक कागद, त्यावर फक्त आत्ता काय खरं आहे तेवढंच. ते कसं घडलं ही कथा वहीत राहू दे.

कागदाच्या माथ्यावर काय लिहायचं? खेळातली तारीख आणि वेळ. गॅरी गायगॅक्सने १९७९च्या डीएम गाइडमध्ये कॅपिटल अक्षरांत बजावून ठेवलंय की वेळेची काटेकोर नोंद नसेल तर कॅम्पेनला अर्थ राहत नाही. लहानपणी मला तो म्हातारा खडूस वाटायचा. पण या खेळात जवळजवळ प्रत्येक वस्तूची शिल्लक घड्याळावर टांगलेली असते. आठ तासांची लाँग रेस्ट झाली की जादूगाराचे स्लॉट भरतात, आणि तिचा फायदा चोवीस तासांत एकदाच मिळतो. मॅजिक मिसाइलच्या कांडीत सात चार्ज असतात आणि रोज पहाटे त्यातले काही परत येतात, एक फासा अधिक एक. शेवटचा चार्ज वापरला तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. एक पडला तर कांडीची राख. म्हणजे "कांडी: २ चार्ज" एवढं लिहून भागत नाही. मधे पहाट झाली की नाही, हे माहीत हवं.

त्या तळघराची शीट मी नंतर बसून पुन्हा तयार केली. ती अशी असायला हवी होती:

"९ तारीख, मध्यरात्र उलटलेली. शेवटची लाँग रेस्ट ७च्या रात्री. जादूगार: हिट पॉइंट २७पैकी ११, स्लॉट पहिल्या पातळीचे ४पैकी १, दुसऱ्याचे ३पैकी ३, तिसऱ्याचे २पैकी ०. कांडी जादूगाराकडे, ७पैकी २. बंदर-अधिकाऱ्याचं पत्र चोराच्या बुटात, सील न फोडलेलं."

"चोराच्या बुटात" हे हौसेने लिहिलेलं नाही. पार्टीकडे पत्र आहे, एवढंच लिहिलं की चोर पकडला गेला त्या दिवशी वाद ठरलेला. तेव्हा प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूपुढे एकच नाव आणि एकच जागा. दोर, शिधा, मशाली यांच्यापायी मी जीव काढत नाही; ते ज्याच्या त्याच्या कॅरेक्टर शीटवर राहू दे. माझ्या कागदावर फक्त अशाच वस्तू, ज्या हरवल्या तर गोष्टीचं वळण बदलेल.

आता खरी कटकट: कथेचे धागे. इथे बहुतेक जण "सावकाराचं कर्ज" असं लिहून मोकळे होतात. तीन महिन्यांनी वाचलं तर ते नुसतं शीर्षक. मी धाग्यात तीन गोष्टी लिहितो: समोरच्याला काय हवंय, पार्टीने काहीच केलं नाही तर तो पुढे काय करील आणि कधी, आणि हे कोणाला माहीत आहे.

त्यातलं "कधी" सांभाळायला मी 'ब्लेड्स इन द डार्क' या दुसऱ्या खेळातलं घड्याळ उचललंय. एक वर्तुळ, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग, आणि गोष्ट पुढे सरकेल तसा एकेक भाग काळा करायचा. गोदामाच्या टोळीला चोरीला गेलेली पेटी शोधायची होती. सहा भागांचं घड्याळ, तीन काळे. माझा नियम असा होता की खेळातले दर दोन दिवस गेले की एक भाग, आणि पार्टीने गावात गोंधळ घातला की आणखी एक. तळघरातून निसटून पार्टी दोन दिवस देवळात पडून राहिली: चार. मग चोराने भर बाजारात मारामारी केली: पाच. तेव्हा सोळाव्या सेशनला टोळी देवळाच्या दाराशी आली, ती मला ऐनवेळी सुचली म्हणून नाही. आणखी दोन दिवस गेले आणि सहावा भाग भरला, एवढंच.

"कोणाला माहीत" हा रकाना मी बराच उशिरा जोडला. बंदर-अधिकारी टोळीला फितूर आहे, हे दाराला कान लावून फक्त आमच्या पुजारिणीने ऐकलं होतं. टेबलाभोवती आम्ही सगळ्यांनीच ते ऐकलं, अर्थात. एका आठवड्यात खेळाडूंना हा फरक आठवतो. सात आठवड्यांनी कोणालाच आठवत नाही, आणि लढवय्या खुशाल अधिकाऱ्याला जाऊन म्हणतो, "तू फितूर आहेस." लबाडी नसते हो त्यात. त्याला मनापासून वाटत असतं की आपल्याला हे माहीत आहे.

हा रकाना असलेला कागद माझ्याकडेच राहतो. खेळाडूंना दुसरा कागद, त्यावर फक्त माणसं आणि वस्तू. दोन्हींत तफावत निघाली तर टेबलावरचा कागद खरा, असं आम्ही ठरवून टाकलंय, कारण तो पाच जणांनी तपासलेला असतो.

तपासायचा कधी? सेशनच्या शेवटच्या दहा मिनिटांत, फासे डब्यात जायच्या आधी. घरी जाऊन लिहीन म्हणणारा कधी लिहीत नाही, स्वानुभव. प्रत्येकाने आपली ओळ मोठ्याने वाचायची. चुका तेव्हाच सापडतात: "अरे, ते औषध मी प्यायलो की!" पुढच्या वेळी त्याच ओळी वाचून सुरुवात. ही अखेरची शिल्लक, हीच आरंभीची.

कागद एका पानाबाहेर जायला लागला की समजायचं, मेलेले धागे साचलेत. सलग तीन सेशन ज्याला कोणी हात लावला नाही आणि ज्याचं घड्याळही चालू नाही, तो मी वहीत हलवतो. कोणी विचारलंच तर तिथून परत आणता येतो.

फायरबॉलचं काय केलं, ते राहिलं. गुंड जिवंत करणं मला जमेना, इतकी मजा आली होती सगळ्यांना. शीटवर तिच्या नावापुढे लिहिलं, "तिसऱ्या पातळीचा १ स्लॉट उधार." देवळातल्या पहिल्या लाँग रेस्टनंतर तिला दोनऐवजी एकच मिळाला, आणि ती ओळ तिने स्वतः खोडली.