मागच्या बिनमध्ये किती बोल्ट?

दोन बिनची पद्धत तुम्हा बहुतेकांना माहीत आहे, म्हणून ती थोडक्यात उरकतो. एकाच मालाचे दोन बिन रॅकवर एकामागे एक ठेवायचे. पुढचा रिकामा झाला की तो रिकाम्या बिनच्या कप्प्यात टाकायचा आणि मागचा पुढे ओढायचा. रिकामा बिन हीच मागणी. वेगळी चिठ्ठी नाही की सही नाही. मला बोलायचंय ते बिनमध्ये भरायचं किती, यावर. कारण बहुतेक वर्कशॉपमध्ये हा आकडा बिनच ठरवतो: मोठा मिळाला म्हणून काठोकाठ भरला, झालं.

खरा प्रश्न एवढाच आहे: पुढचा बिन संपल्यापासून तो भरून परत येईपर्यंत मागच्याला किती दिवस काढायचे आहेत, आणि त्या दिवसांत जास्तीत जास्त किती माल लागू शकतो?

कन्व्हेयर जोडणारं एक छोटं शॉप घेऊ. एका कन्व्हेयरला एम ८ बाय २५ चे १२० बोल्ट लागतात. महिन्याला १० कन्व्हेयर निघतात, म्हणजे १,२०० बोल्ट. कामाचे २५ दिवस धरले तर दिवसाला ४८. स्टोअरचा माणूस रिकामे बिन सोमवारी आणि गुरुवारी उचलतो. गुरुवारी तो गेल्यावर लगेच बिन संपला, तर सोमवारपर्यंत कामाचे तीन दिवस तो तसाच पडून राहणार. सप्लायरला लागतात चार दिवस. झाले सात. सातला ४८ ने गुणलं की ३३६ येतात. बॉक्स २०० चा, म्हणून दोन बॉक्स, ४०० बोल्ट. कागदावर हिशेब चोख.

पण शॉपमध्ये रोज ४८ बोल्ट कधीच लागत नाहीत. पहिला पंधरवडा कटिंग-वेल्डिंगमध्ये जातो आणि डिस्पॅचच्या आठवड्यात सगळी जोडणी एकदम येते. मागची जॉब कार्डं काढून पाहिली तर कुठल्यातरी सात दिवसांत पाच कन्व्हेयर बसलेले दिसतात, म्हणजे ६०० बोल्ट. ४०० चा बिन चौथ्या कन्व्हेयरलाच दम तोडणार. म्हणून महिन्याची सरासरी बाजूला ठेवा आणि सर्वात घाईचे सात दिवस शोधा. त्यावर पडझडीचे पाच टक्के धरले की ६३० होतात. बॉक्सच्या हिशेबाने ८००.

इथे परचेसवाले आणखी पन्नास टक्के ‘सेफ्टी’ घालतात. नका घालू. घाईचा आकडा धरला तेव्हाच सेफ्टी आली. तीच पुन्हा धरली की रॅक भरतो आणि पैसे अडकतात.

८०० बोल्ट म्हणजे साधारण ११ किलो. उचलता येतात, पण त्याआधी एक उपाय बघा. स्टोअरच्या माणसाला रोज सकाळी एक फेरी मारायला लावा. तीन दिवसांचा एक झाला, एकूण पाच. पाच दिवसांत जास्तीत जास्त चार कन्व्हेयर, ४८० बोल्ट, पडझडीसह ५०४. तीन बॉक्समध्ये, ६०० मध्ये भागलं. दोन्ही बिन धरून ४०० बोल्ट कमी झाले, तेही एका फेरीवर.

बिन आलटूनपालटून पुढे येत असतील तर दोघांत माल सारखाच हवा. महागाचा किंवा सावकाश खपणारा माल असेल, तर मात्र राखीव वेगळा काढा: पुरवठा येईपर्यंत पुरेल तेवढा माल सीलबंद पिशवीत, त्याच बिनच्या तळाशी, पिशवीवर कार्ड. पिशवी फोडली की कार्ड स्टोअरला. वरच्या मोकळ्या मालाचा आकडा मग सप्लायरच्या पॅकवरून ठरवला तरी चालतं.

आकडा बरोबर आहे की नाही ते भरलेला बिन परत येतो त्या क्षणी कळतं. तेव्हा वापरातल्या बिनमध्ये किती उरलंय ते नुसतं नजरेने बघा आणि कार्डावर तारखेसह लिहा: अर्धा, पाव, तळ. डिस्पॅचच्या आठवड्यातही दरवेळी अर्ध्याहून जास्त उरत असेल तर एक बॉक्स कमी करा. तळ दिसत असेल तर वाढवा. पण आधी रिकामा बिन बेंचखाली तर पडून नव्हता ना, हे विचारा. आणि पुढचा बिन अर्धा असतानाच मागचा त्यात ओतलेला दिसला, तर आकड्याचा दोषच नाही. फिटरने दोनाचा एक बिन केलाय, आता इशारा द्यायला कुणी उरलं नाही.

एखादा मोठा जॉब आला, ज्याला एकदम दीड हजार बोल्ट लागतात, तर त्यासाठी कार्डावरचा आकडा बदलू नका. तो माल जॉबच्या नावाने वेगळा मागवा आणि वेगळ्या पेटीत ठेवा. उरलेले बोल्ट रॅकच्या बिनमध्ये ओतण्याआधी डोक्यावरचा ८.८ किंवा १०.९ चा शिक्का तपासून घ्या.