तीस दिवसांची नोटीस

(दृश्य : विवाह अधिकारी कार्यालयातला नोटीस फलक)

या फलकावरचा कागद येणारा-जाणारा कुणीही वाचू शकतो. मुलामुलीची नावं, वय, व्यवसाय, पत्ता. धर्म वेगळा सांगावा लागत नाही, नावांतच तो कळतो.

समजा, ती सातारा जिल्ह्यातली हिंदू, तो सोलापूरचा मुसलमान, दोघंही पुण्यात नोकरीला. धर्म न बदलता लग्न करायचं तर १९५४चा विशेष विवाह कायदा हाच रस्ता. वेगळ्या जातींचे, पण हिंदू किंवा बौद्ध असते, तर हिंदू विवाह कायद्याखाली नोटिशीशिवाय लग्न लागलं असतं. इथे आधी नोटीस, मग तीस दिवस थांबायचं. शिवाय कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर एक प्रत तिकडच्या कार्यालयातही लागते. पुण्यात लपून काय उपयोग? कागद साताऱ्याला पोचतोच.

आक्षेपाची कारणं कायद्यानं मोजकी ठेवली आहेत. मुलगी १८ किंवा मुलगा २१ वर्षांचा नसणं, आधीचा जोडीदार हयात असणं, जवळचं निषिद्ध नातं, संमती देता येणार नाही अशी मानसिक स्थिती. ‘आमच्यात चालत नाही’ हे त्यात कुठेही बसत नाही. पण घरच्यांना आक्षेप जिंकायचा नसतोच. त्यांना बातमी पुरते.

(दृश्य : संध्याकाळचं घर, बंद दार)

मग फोन काढून घेतला जातो. मामाला बोलावतात. घाईनं एखादं स्थळही येतं. आई विचारते, “धाकटीचं कसं जमवायचं आम्ही?” ओरडणाऱ्या भावाला उत्तर देता येतं, याला देता येत नाही, कारण धाकटीला खरोखरच नकार येऊ शकतात. ज्या घरातून निघायचं, त्याच घराच्या काळजीनं झोप उडते. मग दोघांतही ठिणग्या पडतात : “तुझ्या घरी तू अजून सांगितलंच नाहीस?” त्याच्याही घरी रडारड चालू असते, हे तिला ऐकूनच ठाऊक.

ती निघून आली, की बऱ्याचदा मागोमाग हरवल्याची तक्रार येते. पोलीस ठाण्यात जबाब द्यावा लागतो : मी सज्ञान आहे, स्वखुशीनं आले आहे. समोरच्या बाकावर आई बसलेली असते. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली बजावलं आहे. त्या कक्षाकडे आधीच लेखी अर्ज दिलेला असेल, तर ठाण्यात निदान एकटं बसावं लागत नाही.

तीस दिवस उलटले, आक्षेप आला नाही, तरी नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न व्हायला हवं. नाहीतर पुन्हा नवी नोटीस. त्या दिवशी तीन साक्षीदार सही करायला लागतात. घरचं कुणी येणार नाही हे धरूनच चाललेलं असतं, पण आदल्या रात्री एखाद्या मित्राचाही फोन बंद लागतो, कारण सहीखाली त्याचंही नाव राहणार असतं. चौथा आधीच सांगून ठेवावा.